तोळ्यामागचं कर्ज

जुलै २०२१ मध्ये मी बायकोचं सात तोळे सोनं गहाण ठेवून दोन लाख उचलले. लोणी देवकरच्या रानात आडसाली उसाची लागण करायची होती. ठिबक, बेणं, खत सगळं एकदम अंगावर आलं होतं, आणि सोसायटीची जुनी बाकी राहिल्यामुळे नवं पीककर्ज मिळत नव्हतं. सोनं इंदापुरातल्या एका कंपनीच्या शाखेत ठेवलं. तिचं नाव इथे सांगत नाही, कारण कागदावर सगळं लिहिलेलं होतं. वाचलं नाही ते मी.

काउंटरवरच्या मुलानं विचारलं, "काका, दरमहा व्याज भरणार, का बुलेट करायचं?" बुलेट म्हणजे वर्षभर काहीच भरायचं नाही आणि मुदत संपली की मुद्दल-व्याज एकरकमी द्यायचं. शेतकऱ्याच्या कानाला हे फार गोड लागतं, कारण आपला पैसाही एकरकमीच येतो. उसाचं बिल आलं की फेडून टाकू, असं म्हणून मी सही केली.

पहिली चूक तिथेच झाली, आणि ती साध्या कॅलेंडरची होती. जुलैत लावलेला आडसाली ऊस पुढच्या वर्षी दिवाळीनंतर तुटतो. कर्जाची मुदत मात्र बारा महिन्यांची, म्हणजे पुढच्या जुलैत संपणारी. ऊस रानात उभा असतानाच कर्ज फेडायचं होतं. ज्यानं उभी हयात ऊस लावण्यात घालवली, त्याला हे सही करताना सुचलं नाही.

दुसरी चूक दराची. शाखेबाहेरच्या फलकावर वर्षाला १२ टक्के लिहिलं होतं. तो दर वेळेत व्याज भरणाऱ्यासाठी होता. तीन महिने व्याज थकलं की १८, सहा महिने उलटले की २४, आणि तेही पहिल्या दिवसापासून. बुलेट घेणारा मधे व्याज भरतच नाही, म्हणजे तो सरळ २४ च्या पायरीवर जाऊन बसतो. माझ्या दोन लाखांवर १२ टक्क्यांनी महिन्याचं व्याज दोन हजार होतं. आमच्याकडे दर दहा दिवसांनी दुधाचा पगार येतो. त्यातून ते सहज निघालं असतं.

जुलै २०२२ मध्ये देणं २,४८,००० झालं होतं. मी हात हलवत गेलो. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "पैसे आणायची गरज नाही, रिन्यू करू. सोन्याचा भाव वाढलाय." बावीस कॅरेटचा भाव वर्षात ग्रॅमला ४,४०० वरून ४,६५० च्या आसपास गेला होता. सत्तर ग्रॅमची किंमत सव्वातीन लाख आणि तिच्या पंचाहत्तर टक्के कर्ज तेव्हा बसत होतं, म्हणजे २,४४,००० पर्यंत. मी आठ हजार भरले, दोन-तीन ठिकाणी सह्या केल्या आणि नवी पावती घेतली. पावतीवर मुद्दलाच्या रकान्यात २,४०,००० होतं. जुनं कर्ज 'बंद' आणि नवं 'सुरू'. व्याजाचे चाळीस हजार व्याज म्हणून कुठेच दिसत नव्हते, ते मुद्दल झाले होते. घरी येऊन मी सांगितलं, "आठ हजारांत वर्षाची उसंत मिळाली." बायकोनं विचारलं, "अहो, मग पाटल्या?" मी म्हटलं, येतील पुढच्या वर्षी.

त्या हिवाळ्यात ऊस तुटला. बिलातून सोसायटीची बाकी कापली गेली, उरलेल्यात पुतणीचं लग्न आणि ट्रॅक्टरचा हप्ता भागला. सोनं सुरक्षित आहे, भाव चढतोय, घाई कशाला, ही समजूत मनात पक्की बसली होती. जुलै २०२३ ला देणं २,९७,६०० झालं. तेव्हा बावीस कॅरेट ५,४०० च्या घरात होतं. मी १७,६०० भरले आणि नवी पावती २,८०,००० ची निघाली.

चढता भाव मला श्रीमंत करतोय असं वाटत होतं. खरं तर त्या भावामुळेच व्याज पोटात घालून कर्ज फुगवता येत होतं. भाव जागेवर राहिला असता तर पहिल्याच वर्षी 'व्याज भरा' म्हणाले असते, मी चिडलो असतो, पण कदाचित भरलंही असतं. आता मी हिशेब ग्रॅममागे मांडतो: फेडीची पूर्ण रक्कम, भागिले निव्वळ वजन. पहिल्या दिवशी माझ्या एका ग्रॅमवर २,८५७ रुपये कर्ज होतं, भाव ४,४०० होता. तीन वर्षांनी तेच कर्ज ग्रॅममागे ४,९६० झालं. ज्या भावाला मी सोनं ठेवलं होतं, त्यालाही कर्जानं मागे टाकलं होतं.

जुलै २०२४ मध्ये देणं ३,४७,२०० होतं. महिन्याच्या मध्याला भाव असा होता की तिसरं नूतनीकरणही काठोकाठ बसलं असतं. माझी मुदत महिनाअखेरीस संपत होती. २३ जुलैला अर्थसंकल्पात सोन्यावरचं आयात शुल्क १५ टक्क्यांवरून ६ वर आलं आणि तीन-चार दिवसांत शुद्ध सोनं दहा ग्रॅममागे चार-पाच हजारांनी उतरलं. बावीस कॅरेट ६,२५० च्या आसपास आलं. सत्तर ग्रॅमवर आता ३,२८,००० च बसत होते. फरकाचे एकोणीस हजार रोख भरा, तरच रिन्यू. भर पावसाळ्यात एवढे पैसे घरात नव्हते. "थांबा थोडं" म्हणत मी ऑगस्ट घालवला. व्याज रोज चढतच होतं. मग नोंदणीकृत पत्र आलं: अमुक तारखेपर्यंत खातं बंद करा, नाहीतर दागिने लिलावात काढू.

पत्र मी दोन दिवस खिशातच ठेवलं. नंतर मेव्हण्याकडे गेलो. लिलावात दागिना वितळवणाऱ्याच्या भावाने जातो, वर लिलावाचा खर्च आपल्याच माथी, तेव्हा सोडवून स्वतः विकलेलं बरं, हे त्यानं समजावलं. त्यानं उसने दिले, मी ३,५७,००० भरून सोनं सोडवलं आणि ओळखीच्या सराफाकडे पाटल्या नि गंठण मिळून त्रेपन्न ग्रॅम मोडले. सप्टेंबरात भाव पुन्हा ६,७०० वर आला होता, म्हणून ३,५३,००० हाती आले. घरी फक्त मोहनमाळ आली.

२०२१ मध्ये कर्ज न काढता साडेचार तोळे विकले असते तरी दोन लाख आले असते. तीन वर्षांत सोनं दीडपट महाग झालं आणि मला सव्वापाच तोळ्यांहून जास्त विकावं लागलं, वर मधल्या नूतनीकरणांचे पंचवीस हजार वेगळे. दोन लाखांसाठी एकूण ३,८२,६०० दिले. यात सगळा दोष चक्रवाढीचा नाही. १२ टक्क्यांच्या सरळ व्याजानं तेवढ्या काळात पाऊण लाख झाले असते, २४ नं दीड लाख. व्याजावरच्या व्याजानं वर तीसेक हजार खाल्ले. मोठा घास दराच्या पायरीनंच घेतला.

रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२४ मध्ये सोनेतारणातल्या अशा पद्धतींवर बोट ठेवलं आणि जून २०२५ मध्ये नवे निर्देश काढले. ते लागू करायला १ एप्रिल २०२६ पर्यंतची मुदत दिली. घरगुती गरजेसाठीच्या बुलेट कर्जाची मुदत त्यात बारा महिन्यांवर बांधली आहे. किती कर्ज बसतं हे मुदतीअखेरच्या व्याजासकट रकमेवर मोजायचं आणि साचलेलं व्याज भरल्याशिवाय बुलेटचं नूतनीकरण करायचं नाही. लिलावाची राखीव किंमत चालू मूल्याच्या ९० टक्क्यांखाली ठेवता येत नाही, दोन लिलाव फसले तर ८५. वरचे पैसे उरले तर कर्जदाराला परत द्यायचे. माझ्या वेळी हे असतं तर पहिल्या जुलैत ४८,००० रोख मागितले असते. पावतीवर ते मुद्दल होऊन बसले नसते, पण ते आणायचे कुठून हा प्रश्न उरलाच असता. १२ चे २४ होणारी पायरीही या नियमांनी काढलेली नाही.

यंदा खताला पैसे कमी पडले तेव्हा मोहनमाळ बँकेत ठेवली, व्याज दरमहा भरण्याच्या बोलीवर. थकलं तर दर किती होतो आणि कधीपासून, हे आधी लिहून मागितलं. दुधाच्या पहिल्या पगारातून ते व्याज जातं. आणि मुदत मार्चची घेतली, तोडीनंतरची.