फोटोतले हात

मागच्या मे महिन्यात साकोली तालुक्यातल्या आमच्या गावी भाचीचे लग्न झाले. आठ दिवसांनी फोटो आले. सगळे घर फोटोंभोवती जमले, हसणे-चिडवणे सुरू झाले. माझी थोरली बहीण मात्र एकाच फोटोवर थांबली. निरोपाच्या वेळी तिने मुलीचा चेहरा दोन्ही हातांत धरला होता, तो फोटो. मला तो सगळ्यात आवडला होता. ताई म्हणाली, "अवं, हे माहे हात आहेत का? आपल्या आजीचे वाटतात. हा फोटो अल्बममध्ये नको लावू."

ताई बावन्न वर्षांची आहे. हातांवर तपकिरी डाग, शिरा दोरीसारख्या वर आलेल्या, कातडी कागदासारखी पातळ, त्यावर दोन-तीन जांभळे ठिपके. "वय झालं, दुसरं काय!" म्हणून तिने विषय संपवला. मला ते पटले नाही. आमच्यात अंतर पाचच वर्षांचे, आणि मनगटापर्यंत आम्ही बहिणी सारख्याच दिसतो.

दुसऱ्या दिवशी मी तिला दंडाची आतली बाजू उजेडात धरायला सांगितली. ती कातडी नितळ होती, एकही डाग नाही. तिचेही वय बावन्नच. म्हणजे डाग नुसत्या वयाने आलेले नव्हते. ऊन ज्या कातडीला लागले, तिलाच ते पडले होते. आपल्याकडे अशा डागांना यकृताचे किंवा पित्ताचे डाग म्हणतात. पण यकृताचा त्यांच्याशी काही संबंध नाही. वर्षानुवर्षे ऊन खाल्ले की कातडीतला रंग जागोजागी साचतो, एवढेच. ताई चौदाव्या वर्षापासून रोवणीला जाते. डाव्या हातात पऱ्ह्यांची पेंढी, उजवा हात बांधीच्या चिखलात. तिच्या डाव्या हातावर डाग जास्त का, ते मला तेव्हा कळले. उन्हाकडे पाठ करून तोच हात दिवसभर वर असतो.

शिरांचे कारण वेगळे. वय वाढते तशी हाताच्या पाठीवरची कातडीखालची चरबी कमी होते आणि झाकलेली शीर उघडी पडते. उन्हाळ्यात शिरा फुगतात, हात खाली लोंबता ठेवला तर आणखी भरतात. ताईला मी हात डोक्यावर धरायला लावला. पंधरा-वीस आकडे मोजेपर्यंत शिरा बसल्या. अशा बसणाऱ्या शिरांचे भय नाही. शीर दुखत असेल, लाल होऊन कडक दोरीसारखी लागत असेल, तर मात्र दवाखान्यात दाखवावे. शिवाय फोटो भर मेच्या दुपारी काढलेला. ऊन बाजूने पडले होते, त्यामुळे प्रत्येक शिरेला सावली आली. हात कॅमेऱ्याच्या सर्वात जवळ होते, म्हणून होते त्याहून मोठे दिसले.

उरले ते पातळ कातडी आणि जांभळे ठिपके. त्यांचा उलगडा मला होईना. कार्यालयातून एक दिवसाची रजा टाकून मी ताईला नागपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागात नेले. डॉक्टरबाईंनी हात पाहिले आणि पहिलाच प्रश्न विचारला, "यावर काय लावता?" ताई माझ्याकडे पाहू लागली. मग पिशवीतून तिने एक ट्यूब काढली. शेजारणीने सांगितले म्हणून औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली. डाग जावेत म्हणून आठ महिने सकाळ-संध्याकाळ लावत होती. मला तिने कधी सांगितले नव्हते.

त्या एका ट्यूबमध्ये तीन औषधे होती. एक रंग फिका करणारे, एक कातडीचा वरचा थर बदलणारे आणि तिसरे स्टेरॉइड. पहिल्या दोन महिन्यांत डाग फिके झाले, म्हणून ताईचा विश्वास बसला. पण स्टेरॉइड महिनोन्महिने लावले तर कातडी पातळ होते. आतल्या बारीक रक्तवाहिन्यांना आधार राहत नाही, म्हणून साध्या धक्क्याने जांभळा डाग पडतो. पातळ कातडीतून शिरा आणखी उठून दिसतात. म्हणजे डाग घालवायच्या नादात बाकी दोन्ही गोष्टी तिने स्वतः वाढवून घेतल्या होत्या. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी चौदा स्टेरॉइडची मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. तरी ती मागितली की मिळतात. आपण ट्यूबवरची बारीक अक्षरे वाचावीत. नावाच्या शेवटी 'सोन' येणारे मोमेटासोन, बीटामेथासोन, किंवा क्लोबेटासोल दिसले, तर डॉक्टरांच्या सांगण्यावाचून ते लावू नये.

डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितले, "शिरा मलमाने जाणार नाहीत. डाग थोडे फिके होतील, पुसले जाणार नाहीत. कातडी काही अंशी भरून येईल, पण महिने लागतील." लेसरचे मी विचारले. सावळ्या कातडीवर ते चुकले तर डागाच्या जागी अधिक काळा डाग पडतो, म्हणून त्या म्हणाल्या, आधी ऊन अडवा.

उपचार साधा निघाला. ट्यूब बंद. भांडी घासताना रबरी हातमोजे. हात धुतल्यावर ओलसर असतानाच व्हॅसलीन, दिवसातून तीन-चार वेळा आणि रात्री झोपताना. घराबाहेर जाताना तीस एसपीएफचे मलम, पण बांधीत चिखल-पाण्याने ते टिकत नाही. म्हणून आम्ही कापडाचा उपाय केला. रोवणीला बाया नवऱ्याचा जुना फुलबाहीचा शर्ट घालतातच. त्याच्या बाहीला मी सुती कापडाचा चार बोटे तुकडा जोडला आणि अंगठ्यासाठी भोक ठेवले. बाही वर सरकत नाही, हाताची पाठ झाकली जाते, बोटे मोकळी राहतात. चिखलातल्या उजव्या हाताचे कापड भिजून जड होते, म्हणून ते तिने काढून टाकले. डाव्या हाताचे राहिले.

खरे-खोटे कळावे म्हणून दर महिन्याला मी तिच्या हातांचा फोटो काढला. त्याच खिडकीशी, सकाळी, हात छातीच्या उंचीवर. नाहीतर उजेड बदलला की गुण आला असे उगाच वाटते. पहिल्या महिन्यात डाग उलट गडद झाले, ताई ट्यूबकडे परत जायला निघाली होती. हे होणार असे डॉक्टरबाईंनी आधीच सांगितले होते, म्हणून निभावले. डिसेंबरपर्यंत नवे जांभळे ठिपके येणे जवळजवळ थांबले, कोरडेपणा गेला. डाग किंचित फिके. शिरा होत्या तशाच.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. चापट, एकाच रंगाचा, वर्षानुवर्षे तसाच असलेला डाग निरुपद्रवी असतो. एखादा डाग झपाट्याने वाढला, कडा वेड्यावाकड्या झाल्या, रक्त आले, जखम भरेना, तर थांबू नये. फिकट आणि बधिर चट्टा दिसला, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी. औषध मोफत मिळते आणि वेळेवर घेतले तर रोग पूर्ण बरा होतो.

जानेवारीत मी अल्बम लावायला बसले. तो फोटो बाजूला ठेवला होता. ताईने उचलला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "पोरगी पाय कशी रडून रायली." मग स्वतःच पहिल्या पानावर लावला. या रोवणीसाठी तिच्या सोबतच्या सहा जणींनी अंगठ्याच्या बाह्या सांगितल्या आहेत. कापड त्यांचे, शिवण माझी.