बाळंतिणीचे पहिले चौदा दिवस

सांगलीजवळच्या एका गावी थोरली लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली, तेव्हा आईची तयारी महिनाभर आधीच झाली होती. डिंक, मेथी, खारीक, सुके खोबरे, अळीव, बाळंतशेपा, सुंठ अशा डब्यांनी फडताळ भरले होते. शेजारच्या घरी बाळंतिणीला लसूण देत. या घरात तो वर्ज्य. त्याची उणीव जिरे, ओवा, हिंग आणि सुंठ यांनी भरून काढायची, हे आई आपल्या सासूबाईंकडून शिकली होती.

तिसऱ्या दिवशी लेक दवाखान्यातून घरी आली. चौथ्या दिवशी सकाळीच आईने तिच्या हाती मेथी-डिंकाचा लाडू ठेवला. दुपारी तुपाने थबथबलेला भात, संध्याकाळी पुन्हा लाडू. "पाणी मात्र बेताने पी हो," असे तिने वर बजावले. दोन दिवसांत लेकीचे पोट फुगले. शौचाला होईना, कुंथताना टाक्यांवर ताण येऊन ती रडू लागली. ती जेवत नाही म्हणून दूध आटेल, या भीतीने आईने तूप आणखी वाढवले.

तपासणीच्या वेळी डॉक्टरीणबाईंनी सारे शांतपणे ऐकून घेतले. "जिन्नस उत्तम आहेत, क्रम तेवढा चुकला. आठव्या दिवसाचे अन्न तुम्ही चौथ्या दिवशी दिलेत. आणि पाणी तोडू नका. दूध मुख्यतः बाळाच्या वारंवार पिण्याने वाढते, तुपाने नव्हे."

दोन वर्षांनी धाकटी लेक बाळंतपणाला आली. तिची प्रसूतीही नैसर्गिक झाली. या वेळी आईने चौदा दिवसांचे तीन टप्पे केले.

पहिले तीन दिवस अन्न मऊ आणि पातळ. सकाळी जिरे घातलेली तांदळाची पेज. दुपारी मुगाच्या डाळीचे सैल वरण, गुरगुट्या भात आणि एक चमचा तूप. संध्याकाळी मुगाची पातळ खिचडी व शिजवलेला दुधी. मधल्या वेळी रात्री भिजवलेल्या दहा-बारा मनुका. प्रत्येक पाजण्याच्या वेळी उकळून कोमट केलेले पाणी पेलाभर.

भूक मोकळी लागली, पोट हलके राहिले आणि शौचास साफ झाले, तेव्हाच दुसरा टप्पा सुरू झाला. चौथ्या ते सातव्या दिवशी मुगाच्या आमटीत कुस्करलेली ज्वारीची भाकरी, दोडका, तांबडा भोपळा आणि एक वाटी अळिवाची खीर. एक मोठा चमचा अळीव दोन-तीन तास पाण्यात भिजवून ते कपभर दुधात शिजवायचे. गूळ मात्र खीर उतरवून निवल्यावरच घालायचा, नाहीतर दूध फाटते. जेवणानंतर भाजलेला ओवा आणि बाळंतशेपा चिमूटभर.

आठव्या दिवशी लाडवांचा डबा उघडला. आधी केवळ डिंक-खारकेचा लिंबाएवढा एक लाडू, तोही सकाळी. दोन दिवस तो पचला, तेव्हा दहाव्या दिवसापासून थोडी मेथी घातलेला. बाराव्या दिवशी धाकटीला दोनदा जुलाब झाले. आईने मेथी थांबवली, दिवसभर पेज आणि वरण-भात दिला, आणि पोट ताळ्यावर आल्यावर पुन्हा साधा डिंकाचा लाडू सुरू केला. चौदाव्या दिवशी पूर्ण भाकरी, दोन भाज्या, वरण-भात आणि एक लाडू एवढे तिला सहज पचू लागले.

प्रश्न उरला रात्रीचा. आई सूर्यास्तानंतर पाणीही घेत नसे. बाळ मात्र रात्री तीन वेळा उठे. पहिल्या रात्री पाजताना धाकटीला घेरी आली. आईने विचार केला, नियम आपण घेतला आहे, लेकीने नाही. तेव्हापासून खिचडीचे जेवण साडेपाचला पोटभर होई आणि उशाशी कोमट पाण्याचा तांब्या असे. तरीही भूक लागली, तर दूध द्यायला आई स्वतः उठे.

डॉक्टरांच्या लोहाच्या गोळ्या तिने चालूच ठेवल्या, पण दुधासोबत कधी दिल्या नाहीत. दुधाने लोह नीट शोषले जात नाही. शस्त्रक्रियेने प्रसूती झाली असती, तर डॉक्टरांनी अनुमती दिल्यावरच पेज सुरू झाली असती. मधुमेह असता, तर गूळ आणि लाडू त्यांना विचारूनच दिले असते. आणि ताप, फार रक्तस्राव, दुर्गंधी किंवा एका पायाला दुखरी सूज दिसली, तर स्वयंपाकघरात उपाय शोधायचा नाही, थेट दवाखाना गाठायचा, हे तिने मनाशी पक्के ठरवले होते.

पंधराव्या दिवशी थोरली बहिणीला भेटायला आली. फडताळातला लाडवांचा डबा जवळजवळ भरलेलाच पाहून ती म्हणाली, "आई, माझ्या वेळी हा चार दिवसांत संपला होता." आई किंचित ओशाळली आणि त्यातला एक लाडू तिने थोरलीच्या हातावर ठेवला.