वीस की एकशेसाठ?

भांडण करणे मला जमत नाही. लासलगावच्या कांदा बाजारात इतकी वर्षे काढूनही जमले नाही, याचे आमच्या घरी सर्वांना नवल वाटते. पण गेल्या वर्षी एका चष्म्याच्या दुकानाला मला तक्रारीचे पत्र लिहावे लागले, आणि ते तीनदा लिहावे लागले. त्या तीन मसुद्यांची ही हकीकत आहे.

मी एका कांदा व्यापाऱ्याकडे कारकून आहे. लिलावाच्या वेळी ट्रॅक्टरांच्या रांगेतून फिरायचे, बोली सुटली की गाडीचा नंबर आणि भाव टिपायचा, हे माझे काम. त्यात लांबचे आकडे दिसेनासे झाले, म्हणून नाशिकला जाऊन डोळे तपासून घेतले आणि तिथल्याच एका दुकानात चष्मा टाकला. फ्रेम आणि काचा मिळून तीन हजार चारशे रुपये झाले. आठ दिवसांनी चष्मा हातात आला. लावला मात्र, आणि दुकानाची चौकट तिरपी झाली!

"नवा नंबर आहे, आठ दिवसांत सवय होईल," काउंटरवरचा मुलगा म्हणाला.

आता हे अगदीच खोटे नव्हे. नव्या नंबराने जमीन कललेली वाटते आणि चार-आठ दिवसांत ती सरळही होते. पण कलणे निराळे आणि पुसट दिसणे निराळे. डावा डोळा झाकला की उजव्या डोळ्याला अक्षरांच्या कडेला सावली दिसे. पंधरा दिवस झाले तरी ती सावली तिथेच! मी मात्र मुकाट्याने सवय करीत राहिलो. वयाचा दोष, म्हटले.

मग एका संध्याकाळी एमएच 15 च्या एका गाडीच्या नंबरातला आठ मी तीन म्हणून टिपला. नेमका तीनवाला ट्रॅक्टरही त्याच रांगेत होता. दोन शेतकऱ्यांच्या हिशेबपट्ट्यांची अदलाबदल झाली आणि ज्याचा माल चांगला त्याला कमी भावाची पट्टी मिळाली. घोटाळा निस्तरेपर्यंत अंधार पडला. तो म्हातारा बाबा वजनकाट्याशी बसून होता. "चुकतंय माणूस, भाऊ," एवढेच तो म्हणाला. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते.

त्या रात्री पहिला मसुदा लिहिला. त्यात 'लुबाडणूक' हा शब्द चार वेळा होता. सौभाग्यवतींनी तो वाचला आणि विचारले, "अहो, पण चष्म्याचं नक्की काय चुकलं, ते यात कुठंय?"

ते मला तरी कुठे माहीत होते!

ते कळले अपघाताने. काच पुसता पुसता डाग गेला का, हे पाहण्यासाठी मी चष्मा उलटा धरला. म्हणजे काड्या बाहेरच्या बाजूला, पण काच उजवीच आणि डोळाही उजवाच. समोर भिंतीवर दिनदर्शिका होती. तिच्यातल्या तारखा लख्ख दिसल्या! चष्मा सरळ केला, सावली आली. उलटा केला, गेली. दहा वेळा करून पाहिले.

शेजारची मुलगी नाशिकला नेत्रतपासणीचा अभ्यासक्रम शिकते. तिला हा चमत्कार दाखवला तेव्हा ती म्हणाली, "काका, चिठ्ठी आणा बघू." मग माझ्या पुतण्याच्या कंपासपेटीतला कोनमापक घेऊन तिने मला जे समजावले, ते असे.

माझ्या डोळ्याचा दर्शनी पडदा चेंडूसारखा सर्व बाजूंनी सारखा गोल नाही. एका दिशेने जास्त वळलेला आहे. म्हणून काचेतही एका विशिष्ट दिशेनेच नंबर घालावा लागतो. याला सिलिंडरचा नंबर म्हणतात आणि त्याची दिशा दाखवणाऱ्या अंशांना ॲक्सिस. (हा दोष इंग्रज ज्योतिर्विद एअरी याने 1825 मध्ये स्वतःच्याच डाव्या डोळ्यात मोजला आणि तशी काच घडवून घेतली. कारकुनाचा रोग थोरामोठ्यांनाही होतो, हे ऐकून मला जरा बरे वाटले.) माझ्या चिठ्ठीत उजव्या डोळ्याला सिलिंडर उणे दीड, ॲक्सिस 20 होता, डाव्याला उणे सव्वा, ॲक्सिस 160. हे अंश समोर बसलेल्या तपासनिसाच्या नजरेने मोजतात. तीच काच पाठीमागून पाहिली, तर 20 चे 160 होतात आणि 160 चे 20, आरशात दिसावे तसे. माझी काच उलटी धरल्यावर बरोबर ठरत होती, म्हणजे तिच्यात 20 ऐवजी 160 पडलेले असणार!

दुसऱ्या दिवशी तिच्या संस्थेतल्या यंत्रावर चष्मा ठेवला. उजवी काच 160, डावीही 160.

20 आणि 160 यांच्यात फरक चाळीस अंशांचा. तिने गणित करून दाखवले. दीड नंबराच्या काचेला तीन अंशांपर्यंतची चूक चालते. दहा अंश चुकले की सिलिंडरचा तिसरा हिस्सा फुकट जातो. तीस अंश चुकले की चष्मा लावणे न लावणे सारखेच. आणि त्यापुढे चष्म्यापेक्षा उघडा डोळा बरा! मी दीडचा दोष घालवायला गेलो आणि जवळजवळ दोनचा पदरात घेऊन आलो होतो. पूर्वीच्या गोल काचांच्या चष्म्यात काच फिरवून बसवता तरी येई. माझी फ्रेम चौकोनी, तेव्हा नवी काच कापण्यावाचून उपाय नव्हता.

दुसरा मसुदा या नव्या विद्वत्तेने फुगला. चूक कशी झाली असेल, याचे दोन तर्कही मी त्यात मांडले: डाव्या डोळ्याचा आकडा दोन्हीकडे उतरला असेल, किंवा काच मागून मोजली असेल. मुलीने ते सगळे खोडले. "काका, कशी चुकली ते त्यांना शोधू द्या. तुम्ही तर्क केलात की ते तर्कावरच वाद घालतील. आकड्यावर वाद घालता येत नाही."

तिसरा मसुदा असा:

'सा. न. वि. वि. आपल्याकडून घेतलेल्या चष्म्याची चिठ्ठी, पावती आणि यंत्रावरील मोजणीचा कागद यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. चिठ्ठीत उजव्या डोळ्याचा ॲक्सिस 20 आहे. काचेत तो 160 आहे. बाकी आकडे बरोबर आहेत. कृपया दहा दिवसांत उजवी काच विनामूल्य बदलून द्यावी आणि देण्यापूर्वी माझ्यासमोर यंत्रावर मोजून दाखवावी. ते शक्य नसल्यास चष्मा परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी. कळावे.'

खाली एक ओळ होती, ती मात्र माझी स्वतःची. पावतीवर 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असे छापलेले होते. पण 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल परत घेण्यास नकार देणे हीच अनुचित प्रथा मानली आहे. पावतीत मुदत दिलेली नसेल, तर ती तीस दिवसांची धरतात. माझा सव्विसावा दिवस होता. तेवढे नम्रपणे नोंदवले आणि पत्र पोचपावतीच्या टपालाने धाडले.

पाचव्या दिवशी मालकांचा फोन आला. त्यांनी सवयीचा विषय काढला नाही. "या, काच करून ठेवतो," म्हणाले. गेलो तेव्हा त्यांनी स्वतः चष्मा यंत्रावर ठेवला आणि मला वाकून पाहायला लावले: 20. तो काउंटरवरचा मुलगाही माझ्या खांद्यावरून पाहत होता.

मी चष्मा लावला. समोरच्या पाटीवरची बारीक ओळ वाचली. मग काढला आणि, माझ्याकडे चमत्कारिक नजरेने पाहणाऱ्या गिऱ्हाइकांची पर्वा न करता, उलटा धरला.

सगळे पुसट! मी समाधानाने चष्मा खिशात घातला आणि गाडी पकडण्यासाठी नाशिक रोडची वाट धरली.