‘व्यवहार ठरल्यावर’

कोथरूडचा आईचा फ्लॅट विकायला काढला तेव्हा मी तोंडी बोलीवर चार एजंटांना किल्ली देऊन फ्लॅट दाखवायची परवानगी दिली. जो गिऱ्हाईक आणील त्याला दोन टक्के, असा हिशेब. पण कुणालाच हमी नसल्याने कुणीच जीव ओतून काम केलं नाही. एकाने किंमत ८५ लाख सांगितली, दुसऱ्याने ७८. खरेदीदार साहजिकच ७८ धरून बसले. पुढे एकाच जोडप्याला दोघांनी फ्लॅट दाखवला आणि दलाली कुणाची यावर दोघं भांडले. कुणी कुणाला कधी आणलं याची लेखी नोंद मी ठेवलीच नव्हती.

वैतागून मी एकाच एजंटशी सहा महिन्यांचा करार केला. त्याने फोटो काढले, जाहिरात केली, लोकांना पारखून आणलं. तो भाग चांगलाच झाला. चूक फीच्या कलमात होती. दोन टक्क्यांपैकी निम्मी रक्कम ‘व्यवहार ठरल्यावर’ द्यायची, असं त्यात होतं. ठरणं म्हणजे काय, हे मी विचारलं नाही.

८० लाखांना सौदा झाला, टोकन आलं आणि एजंटने ८० हजार मागितले. मी दिले. मग बँकेने खरेदीदाराला हवं तेवढं कर्ज नाकारलं. सौदा मोडला, टोकन मी परत केलं. एजंट म्हणाला, “ताई, मी गिऱ्हाईक आणलं, टोकन झालं. कर्ज माझ्या हातात कुठे होतं?”

वकिलांकडे गेले. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २१९ नुसार वेगळा करार नसेल तर काम पूर्ण झाल्याशिवाय एजंटचा मोबदला देय होत नाही. माझा तर वेगळा करार होता आणि खाली माझीच सही होती. एजंट लबाड नव्हता. तो कागदाप्रमाणेच वागला, हे मला आजही मान्य करावं लागतं.

मुदत संपेपर्यंत थांबावं लागलं, कारण शेजारचे काका फ्लॅट घ्यायला तयार असूनही करारात मी स्वतः शोधलेल्या खरेदीदारावरही पूर्ण दलाली होती.

पुढचा करारही मी एकालाच दिला, पण तीन महिन्यांचा. काकांचं नाव सुरुवातीलाच वगळलं. मुदतीत एजंटने दाखवलेल्या लोकांची नावं दर आठवड्याला व्हॉट्सॲपवर कळवायची. त्यांच्यापैकी कुणी नंतरच्या दोन महिन्यांत घेतलं तर दलाली त्याचीच. हे त्याच्या दृष्टीनेही न्याय्य होतं. टोकनच्या वेळी काहीच नाही. साठेखत नोंदवल्यावर चौथा हिस्सा, तोही खरेदीदारामुळे सौदा मोडला तर परत. उरलेली दलाली खरेदीखत नोंदवून पूर्ण पैसे माझ्या खात्यात आल्यावर. साठेखताच्या हिश्श्यावर त्याने बरीच घासाघीस केली, पण सही केली.