जांघेतला पाहुणा

खोकलो किंवा पाण्याची घागर उचलली, की माझ्या उजव्या जांघेत लिंबाएवढा उंचवटा उभा राही. आडवा झालो की निमूट आत जाई. दिवसभर उभे राहून शिकवल्यावर तिथे मंदसे दुखे, इतकेच.

डॉक्टरांनी मला उभे करून खोकायला लावले आणि जांघेवर बोटे ठेवून म्हणाले, "मास्तर, अंतर्गळ आहे. पोटाच्या भिंतीतल्या फटीतून आतडे डोकावते आहे. औषधाने फट बुजत नाही. शस्त्रक्रिया करून जाळी बसवू, दिवाळीच्या सुटीत. पण तो आत जाईनासा झाला, तर मात्र तासाचीही सवड नाही."

ती वेळ भाद्रपदातच आली. रात्री खोकल्याची उबळ आली, आणि आडवा होऊनही गाठ हलेना. ती दगडासारखी कठीण झाली, स्पर्श सोसवेना. थोड्या वेळात पोटात कळा आणि उलट्या सुरू झाल्या. सौभाग्यवतींनी शेकायला वीट तापवली. (आमच्या घरी सर्व दुखण्यांना वीटच!) मी हातानेच नको म्हटले. शेकायचे नाही, दाबून आत ढकलायचे नाही, पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. फटीत आवळलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत ते मरू लागते.

पहाटेपूर्वी मी टेबलावर होतो. आतडे काळवंडले होते. पण फट मोकळी करून ते गरम, ओल्या कापडात ठेवल्यावर पुन्हा गुलाबी झाले, म्हणून कापावे लागले नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आल्या आल्या गंभीरपणे विचारले, "मास्तर, वारा सरला का?"