आजीची भिंत

आमचं खापरखेड्यातलं क्वार्टर विटांचं. आजी मात्र किल्लारीकडची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपापासून ती दगडी घरात झोपत नाही. "एवढी जाड भिंत होती गं, तरी पडली," म्हणते.

याचं उत्तर मला हिमाचलच्या टूरवर मिळालं. तिथली 'काठ-कुणी' घरंही दगडाचीच. थंडीसाठी भिंती जाड, दारं-खिडक्या ठेंगण्या; मी दोनदा डोकं आपटलं! पण दगडांच्या थरावर देवदाराच्या दोन आडव्या तुळया असतात, एक आतल्या कडेला, एक बाहेरच्या. मध्ये लाकडी तुकडे त्यांना बांधून ठेवतात, कोपऱ्यात तुळया एकमेकींत अडकवतात. वर पुन्हा दगड, तेही मातीचुन्याशिवाय. हादऱ्यात दगड थोडे सरकतात, पण लाकूड भिंतीला फाकू देत नाही. अर्थात लाकूड कुजलं की हा आधार संपला.

किल्लारीच्या भिंतींत आतला आणि बाहेरचा थर वेगवेगळा, मध्ये माती-गोटे. दोन्हींना सांधणारे आरपार दगड बहुतेक नसायचेच. थर फाकले आणि माणसं दगडमातीखाली गेली.

परत आल्यावर आजीला वहीत दोन्ही भिंती काढून दाखवल्या. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे जाडी नव्हे, गाठ कमी पडली."