एक स्टार, बंद पडलेलं खातं आणि कपाटातली बरणी

गेल्या पावसाळ्यात ऑनलाइन गूळ विकताना बसलेला फटका आज लिहून ठेवतोय. गूळ, हळद, मध, काहीही पॅक करून विकत असाल तर वाचा.

जुलैत एका गिऱ्हाइकानं एक स्टार दिला. लिहिलं, "काळा, चिकट, साखर मिसळलेला भेसळीचा गूळ." तिसऱ्या दिवशी आमचं विक्रीखातंच बंद. आधीच्या ऑर्डरींचे पैसेही अडकले, अन् उसाला खताचा हप्ता द्यायची वेळ तीच.

पहिलं अपील मी रागात लिहिलं. तीन पिढ्यांचं गुऱ्हाळ आहे, आम्ही प्रामाणिक शेतकरी आहोत, वगैरे. सोबत जुना लॅब रिपोर्ट जोडला. दोन दिवसांत नामंजूर. कारण रिपोर्टवर बॅच नंबरच नव्हता. तो गूळ कुठला आणि गिऱ्हाइकाला गेलेला कुठला, याचा मेळ कोण लावणार?

मग शांतपणे रिव्ह्यू परत वाचला. त्यात तीन वेगळे आरोप होते: काळा, चिकट आणि साखर मिसळलेला. प्रत्येकाचं उत्तर वेगळं.

काळा का, तर आम्ही हायड्रॉस घालत नाही. मळी काढायला भेंडीचा चीक वापरतो. हायड्रॉसनं गूळ पिवळाधमक दिसतो, पण त्यातून गंधक मागं राहतं. गुळात सल्फर डायऑक्साइड ७० पीपीएमच्या वर चालत नाही.

चिकट? इथं मात्र गिऱ्हाईक बरोबर होतं. गूळ हवेतलं पाणी ओढतो. मी पातळ पिशवीत, भर पावसात पॅकिंग केलं होतं. वाटेत गुळाला घाम सुटला, रंगही आणखी उतरला. चूक माझी.

साखरेचा आरोप सगळ्यात अवघड. साखर उसाचीच आणि गूळही उसाचाच, त्यामुळं वरून टाकलेली साखर साध्या तपासणीत वेगळी ओळखता येत नाही. रिपोर्ट एवढंच सांगतो की माल मानकात बसतो. मी लॅबवाल्यांना फोन केला तेव्हा त्यांनीही हेच सांगितलं.

तेव्हा आमचे गुळवे मामा म्हणाले, "अरे, वही काढ की!" गुऱ्हाळाच्या वहीत त्या बॅचची नोंद होती: ऊस ४ टन, गूळ ४४० किलो. म्हणजे टनाला ११० किलो. आपल्याकडं टनाला साधारण १०० ते १२० किलो गूळ पडतो. साखर ओतली असती तर हा आकडा फुगला असता. सोबत वजनकाट्याची पावती होतीच. हा काही शंभर टक्के पुरावा नव्हे, पण हिशोब जुळतो एवढं त्यातून दिसतं.

आणि खरी वाचवलं ती कपाटातल्या बरणीनं. प्रत्येक बॅचचा अर्धा किलो गूळ बॅच नंबर आणि तारीख लिहून, सील करून ठेवायची सवय आमच्या सौ.ना होती. मी त्यावरून हसायचो. त्याच बॅचची बरणी एनएबीएल मान्यता असलेल्या लॅबला पाठवली आणि रिपोर्टवर बॅच नंबर छापून घेतला. सल्फर डायऑक्साइड, एकूण साखर, राख, सगळं मर्यादेत आलं.

दुसरं अपील एका पानात बसवलं. काय झालं, का झालं, आत्ता काय केलं, पुढं होऊ नये म्हणून काय करणार. ओलाव्याची चूक सरळ कबूल केली. त्या बॅचचा उरलेला माल विक्रीतून काढला, गिऱ्हाइकाचे पैसे परत केले, जाड थराची पिशवी घेतली, हे सगळं बिलांसकट लिहिलं. एफएसएसएआयचा परवाना, लॅब रिपोर्ट, वहीच्या पानाचा फोटो आणि काट्याची पावती जोडली. परवान्यावरचं नाव-पत्ता आणि खात्यावरचं नाव-पत्ता अक्षर न् अक्षर जुळतंय का, ते आधी बघितलं. पहिल्या अपिलापासून एकोणिसाव्या दिवशी खातं उघडलं. अडकलेले पैसे पुढच्या हप्त्यात आले, पण खत तोवर उधारीवर आणावं लागलं.

रिव्ह्यू अजून तिथंच आहे. पुतण्या म्हणाला, "काका, पैसे देऊन काढायला सांगू का?" मी नको म्हणालो. रिव्ह्यू बदलण्यासाठी पैसे किंवा फुकट माल देणं नियमात बसत नाही, त्यानं खातं परत जाऊ शकतं. मी खाली चार ओळी लिहिल्या: रंग असा का, ओलावा ही आमची चूक, पैसे परत केलेत, बॅचचा रिपोर्ट मागितला तर देऊ. आता नवीन गिऱ्हाईक रिव्ह्यूबरोबर त्या ओळीही वाचतं. दोघांनी तर फोन करून रिपोर्ट मागितला, अन् गूळही घेतला.

यंदा काईल उतरली की पहिली बरणी मीच भरतो. सौ. बघतात आणि हसतात. हसू द्या.

तुमच्याकडं टनाला गूळ किती पडतो? उसाची जात आणि तोडणीचा महिना लिहून खाली कळवा.